नागपूरहून विमानाने लेह: फुफ्फुसात पाणी होऊ नये म्हणून काय करावं, आणि झालंच तर खाली कसं उतरावं

मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळिशीला टेकला की घरोघरी लडाखचे बेत सुरू होतात. नागपूर–दिल्ली, दिल्ली–लेह अशी तिकिटं निघतात. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर आहे आणि लेह ३,५०० मीटरवर. दिल्लीहून सव्वा-दीड तासात आपण अशा हवेत उतरतो, जिथे श्वासागणिक मिळणारा ऑक्सिजन घरच्यापेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असतो. शरीराला याची सवय व्हायला काही दिवस लागतात, आणि विमान ते दिवस देत नाही.

आमच्या घरच्या गटात माझ्या आतेभावाला लेहमध्ये दुसऱ्या रात्री फुफ्फुसात पाणी झालं. तो वाचला, कारण त्याच रात्री आम्ही दवाखाना गाठला. तेव्हापासून ओळखीतलं कुणी लडाखला निघालं की मी त्यांना जे सांगतो, ते इथे क्रमाने लिहितो आहे. मी डॉक्टर नाही. खाली दिलेले डोस प्रौढांसाठी सर्वसाधारणपणे वापरले जाणारे आहेत. ते तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवायचे आहेत, हा लेख दाखवून औषधाच्या दुकानातून घ्यायचे नाहीत.

१. आधी दोन आजार वेगवेगळे ओळखा

पहिला आजार म्हणजे अक्यूट माउंटन सिकनेस, ट्रेकर लोक त्याला एएमएस म्हणतात. उंचीवर पोचल्यावर सहा ते बारा तासांत डोकं दुखायला लागतं, आणि त्याच्या जोडीला मळमळ, भूक मरणं, गळून गेल्यासारखं वाटणं किंवा गरगरणं यांपैकी काहीतरी असतं. विमानाने लेहला येणाऱ्यांत हे अगदी सर्रास दिसतं. आणखी वर न जाता स्वस्थ पडून राहिलं तर बहुतेकांना एक-दोन दिवसांत बरं वाटतं.

दुसरा आजार हाय अल्टिट्यूड पल्मनरी एडेमा. लेहचे डॉक्टर त्याला नुसतं ‘हेप’ म्हणतात, आपण म्हणू फुफ्फुसात पाणी होणं. हा कमी लोकांना होतो, पण उंचीवरच्या आजारांत सर्वांत जास्त जीव यानेच जातात. तो बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी उद्भवतो, आणि फार वेळा रात्री. डोकेदुखी आधी झालीच पाहिजे असं नाही. ज्याला पहिल्या दिवशी काहीही झालं नाही, त्यालाही हेप होऊ शकतो. ‘मला तर एएमएस झालाच नाही, मी सेट झालो’ हे वाक्य म्हणूनच धोक्याचं आहे.

हे पाणी येतं कुठून, हे समजलं की पुढचं बरंचसं आपोआप कळतं. हवेत ऑक्सिजन कमी झाला की फुफ्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. काही लोकांत त्या फार जास्त आकसतात, आणि सगळीकडे सारख्या नाही. चार नळांपैकी तीन बंद केले की चौथ्यातून पाणी जोरात येतं, तसा न आकसलेल्या भागात रक्ताचा दाब चढतो. तिथल्या केशवाहिन्यांच्या पातळ भिंती तो दाब सोसू शकत नाहीत आणि रक्तातला द्रव पाझरून हवेच्या पिशव्यांत उतरतो. त्यामुळे रक्तात ऑक्सिजन आणखी कमी जातो, रक्तवाहिन्या आणखी आकसतात, आणि चक्र वेग घेतं. ते तोडायचं तर ऑक्सिजन वाढवावा लागतो: सिलिंडरने, नाहीतर खाली उतरून. यात जंतू नसतात, म्हणून अँटिबायोटिकने हा आजार बरा होत नाही. शरीरात पाणी जास्त झालेलं नसतं, म्हणून लघवी वाढवणारी लॅसिक्ससारखी गोळीही यावरचा इलाज नाही.

तिसराही एक आहे, मेंदूला सूज येण्याचा. माणूस असंबद्ध बोलतो, किंवा दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो. संशय आला तर त्याला एका सरळ रेषेत, पुढच्या पायाची टाच मागच्या पायाच्या अंगठ्याला लावत चालायला सांगा. जमलं नाही तर थांबायला वेळ नाही, लगेच ऑक्सिजन आणि लगेच खाली.

२. तिकीट काढण्याआधी रात्रीच्या मुक्कामांची उंची लिहून काढा

टूरवाल्याने दिलेला कार्यक्रम घ्या आणि प्रत्येक रात्रीच्या मुक्कामापुढे उंची लिहा. दिवसा तुम्ही कुठल्या खिंडीवर जाऊन आलात यापेक्षा झोपलात किती उंचीवर, हे जास्त महत्त्वाचं असतं. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर राहावं, असा सर्वमान्य नियम आहे. विमानाने लेहला उतरताना तो पहिल्याच दिवशी मोडतो. त्याची भरपाई पुढच्या दिवसांत करावी लागते.

नागपुरात विकले जाणारे बरेचसे कार्यक्रम असे असतात: पहिला दिवस लेह, दुसऱ्या दिवशी खारदुंगला खिंड ओलांडून नुब्रा, तिसऱ्या दिवशी श्योकच्या रस्त्याने पँगाँगला मुक्काम. पँगाँग सुमारे ४,२५० मीटरवर आहे. म्हणजे नागपूर सोडल्यापासून तिसऱ्या रात्री तुम्ही तंबूत ४,२५० मीटरवर झोपलेले असता, आणि जवळचं मोठं इस्पितळ पाच तासांवर, तेही ५,३०० मीटरहून उंच खिंडीपलीकडे. हा कार्यक्रम घेऊ नका. कितीही स्वस्त असला तरी.

मी सुचवतो तो क्रम असा. पहिल्या दोन रात्री लेह, फिरणं जवळजवळ नाही. तिसऱ्या दिवशी आल्ची किंवा निमूच्या बाजूला जाऊन या. ती गावं लेहपेक्षा थोडी खालीच आहेत. रात्री परत लेह. चौथ्या दिवशी नुब्रा. वाटेत खारदुंगला ५,३५९ मीटरवर आहे, पण झोपायला तुम्ही पुन्हा ३,१०० मीटरच्या आसपास येता. तिथून लेहला परत या. पँगाँग शेवटी ठेवा, आणि शक्य असेल तर वाटेत सुमारे ३,९०० मीटरवरच्या तांगत्सेला एक रात्र काढा. नाहीतर पँगाँग पाहून त्याच दिवशी लेहला परता. दमायला होतं, पण झोप खाली होते.

सुटी जास्त असेल तर श्रीनगरमार्गे रस्त्याने जाणं सगळ्यांत चांगलं. श्रीनगर १,६०० मीटरच्या आत, सोनमर्ग आणि कारगिल २,७०० च्या आसपास, मग लेह. शरीर पायरीपायरीने चढतं. मनालीचा रस्ता दिसायला सुंदर, पण त्यात सरचूचा मुक्काम येतो आणि सरचू ४,२०० मीटरच्या वर आहे, लेहपेक्षाही उंच. त्या रस्त्याने जायचंच असेल तर केलाँग किंवा जिस्पाला दोन रात्री राहून एका लांबलचक दिवसात लेह गाठावं.

३. नागपुरात डॉक्टरांना भेटा, निघण्याआधी निदान दोन आठवडे

फिजिशियनकडे जाताना पूर्वीच्या आजारांचे कागद, चालू गोळ्यांची यादी, ईसीजी किंवा टूडी इको काढलेला असेल तर त्याचा रिपोर्ट, आणि दुसऱ्या पायरीत लिहून काढलेला मुक्कामांचा कागद घेऊन जा. शेवटचा कागद फार उपयोगी पडतो. ‘लडाखला चाललो’ एवढंच सांगितलं तर डॉक्टर काय सल्ला देणार? कुठल्या रात्री किती मीटर हे दिसलं की बोलणं नेमकं होतं.

तीन गोष्टी स्वतःहून सांगा. पूर्वी कधी उंचीवर हेप झाला होता का, कारण ज्याला एकदा झाला त्याला पुन्हा होण्याची शक्यता बरीच असते. फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांत दाब असल्याचं कधी निदान झालं आहे का. आणि सल्फा औषधांची ॲलर्जी आहे का.

विमानाने थेट ३,५०० मीटरवर जाणाऱ्यांना प्रतिबंधासाठी सहसा ॲसिटाझोलामाइड देतात, ज्याला आपण डायमॉक्स म्हणून ओळखतो. प्रौढांसाठी १२५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. दुकानात मिळते ती गोळी बहुधा २५० ची, म्हणजे सकाळी अर्धी आणि संध्याकाळी अर्धी. निघण्याच्या आदल्या दिवशी सुरू करायची आणि लेहला पोचल्यावर दोन दिवस चालू ठेवायची. पुढे झपाट्याने वर जायचं असेल तर डॉक्टर आणखी काही दिवस वाढवतात. या गोळीने रक्त किंचित आम्लधर्मी होतं, त्यामुळे शरीर आपोआप जास्त श्वास घेतं. जुळवून घ्यायला जे दिवस लागले असते त्यांतला काही भाग ती वाचवते. बोटांना आणि ओठांना मुंग्या येतात, लघवी वाढते, सोडा-कोल्ड्रिंक बेचव लागतं. हे घाबरण्यासारखं नाही. मात्र घरीच एक-दोन दिवस गोळी घेऊन पाहा. अंगावर पुरळ किंवा दुसरी काही रिॲक्शन यायची असेल तर ती सक्करदऱ्यात आलेली बरी, दिल्ली विमानतळावर नको. मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा गरोदरपण असेल तर ही गोळी स्वतःच्या मनाने मुळीच नाही.

एक गोष्ट स्पष्ट असू द्या: डायमॉक्स एएमएस टाळायला मदत करते, हेपविरुद्ध तिच्या भरवशावर राहता येत नाही. ज्यांना पूर्वी हेप झाला आहे त्यांच्यासाठी डॉक्टर निफेडिपिन लिहून देतात, तेही हळूहळू विरघळणारं, ३० मिलिग्रॅम दर बारा तासांनी. ते आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल करतं. हे रक्तदाबाचं औषध आहे, त्यामुळे ज्याला त्याला द्यायचं नाही.

आणि फिटनेस. अंबाझरीला रोज धावणारे, सेमिनरी हिल्सवर सायकल घालणारे मला विचारतात की आम्हाला कशाला होईल. दम चांगला असणं आणि उंचीशी जुळवून घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हेप तरुण, धडधाकट माणसांना होतो, आणि तेच पहिल्या दिवशी जास्त हुंदडतात. चिखलदऱ्याला जाऊन ‘प्रॅक्टिस’ करण्यातही अर्थ नाही. ते अकराशे मीटरच्या आसपास आहे आणि कळसूबाईचं शिखरसुद्धा १,६४६ मीटर. महाराष्ट्रात ही सवय लावता येईल एवढी उंची कुठेच नाही.

४. सोबत काय घ्यायचं

- बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, नव्या सेलसह. कोविडच्या काळातला घरी पडलेला असेलच, पण तो चालतो का ते पाहून घ्या.
- डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं आणि चिठ्ठीच्या दोन प्रती. साधारणपणे डायमॉक्स, पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन, उलटीची गोळी, आणि डॉक्टरांना योग्य वाटलं तर आणीबाणीसाठी डेक्सामेथासोन व निफेडिपिन.
- प्रत्येकाचं नाव, वय, ॲलर्जी आणि चालू औषधं लिहिलेला एकच कागद. ज्याला धाप लागली आहे त्याला प्रश्न विचारत बसता येत नाही.
- आधार कार्ड आणि विम्याची पॉलिसी. उंचीवरचे आजार आणि रुग्णाला हलवण्याचा खर्च पॉलिसीत आहे का, हे निघण्यापूर्वी वाचा.
- लेहच्या बाहेर मुक्काम असेल त्या दिवसांसाठी गाडीत मोठा ऑक्सिजन सिलिंडर, भाड्याने.

सिलिंडरबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण इथे बरेच जण फसतात. हातात धरायच्या डब्या मिळतात, वर मास्क लावलेल्या. दहा लिटरची डबी मिनिटाला दोन लिटरने वापरली तर पाच मिनिटांत संपते. हेपच्या रुग्णाला तासन्तास ऑक्सिजन लागतो. ‘बी टाइप’ म्हणतात त्या भरलेल्या सिलिंडरमध्ये सुमारे १,५०० लिटर असतो, म्हणजे मिनिटाला दोन लिटरने बारा तास, चार लिटरने सहा तास. तोच घ्या. गाडीत चढवण्याआधी दुकानदाराकडून समोर उघडून दाखवायला सांगा: वरचा काटा भरलेला दाखवतो का, रेग्युलेटर बसतो का, मास्क आणि नळी आहे का, आणि सिलिंडर उघडायची चावी दोरीने बांधून दिली आहे का. चावी नसेल तर भरलेला सिलिंडर नुसतं ओझं आहे. एकदा स्वतःच्या हाताने उघडून बंद करून पाहा. रात्री दोन वाजता ड्रायव्हर दुसऱ्या खोलीत झोपलेला असतो.

कापराची पुरचुंडी आपल्याकडचे बरेच जण गळ्यात बांधतात. वासाने बरं वाटत असेल, पण रक्तातला ऑक्सिजन त्याने वाढत नाही. लसणाचंही तेच.

५. लेहमधले पहिले दोन दिवस

लेहची विमानं मुख्यतः सकाळी उतरतात. खोली मिळाली की पडून राहा. पहिल्या दिवशी बाजारात सुद्धा जाऊ नका. ४८ तास विश्रांतीची सूचना तिथलं प्रशासनही देतं, आणि ती मनापासून पाळण्यासारखी आहे. तहान भागेल एवढं पाणी प्या, पाच-पाच लिटर ढोसायची गरज नाही. जास्त पाण्याने उंचीचा आजार टळत नाही. दारू नको, झोपेची गोळी नको, कारण दोन्हींनी रात्री श्वास मंदावतो. सर्दी-खोकला घेऊन आला असाल तर आणखी एक दिवस थांबा, छातीचा संसर्ग असताना हेपचा धोका वाढतो.

ऑक्सिमीटरचा आकडा कसा घ्यायचा, ते शिकून घ्या. बसून पाच मिनिटं शांत राहा. हात चोळून किंवा गरम पाण्याच्या ग्लासाला लावून बोट ऊबदार करा, गार बोटावर आकडा खोटा कमी येतो. नेलपॉलिश किंवा मेंदी लावलेलं बोट टाळा. बोट घातल्यावर आकडा उड्या मारतो, तो अर्धा-एक मिनिट स्थिर होऊ द्या आणि मगच लिहा, शेजारी नाडीचे ठोकेही लिहा. लेहला नव्याने आलेल्या ठणठणीत माणसाचा आकडा ८४ ते ९० च्या दरम्यान असू शकतो, त्यामुळे नागपूरच्या सवयीने ८७ पाहून घाबरू नका. बघायचं असतं ते असं: त्याच खोलीतल्या, त्याच दिवशी आलेल्या बाकीच्यांपेक्षा एकाचा आकडा दहा-बाराने कमी आहे का, आणि तो दिवसागणिक वर सरकण्याऐवजी खाली चाललाय का. आकडा बरा पण माणूस धापतोय, असं असेल तर माणसावर विश्वास ठेवा.

डोकं दुखलं तर पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन घ्या आणि तिथेच थांबा. त्रास असताना वर झोपायला जायचं नाही, हा नियम कुणासाठीही वाकवू नका, गाडीचे पैसे बुडाले तरी. एक दिवसाच्या विश्रांतीनेही उतार पडला नाही किंवा उलट्या थांबत नाहीत, तर खाली जायची वेळ झाली.

६. दुसरी रात्र: आमच्याकडे काय घडलं

आतेभाऊ चौतिशीचा, सायकलवाला, आमच्यात सगळ्यांत तंदुरुस्त. पहिल्या दिवशी त्याला डोकेदुखीही नव्हती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो शांतीस्तूपाच्या पायऱ्या चढून आला. परत आल्यावर म्हणाला, आज पाय जड वाटतात. घरी सहज दोन-दोन पायऱ्या चढणारा माणूस हॉटेलच्या एका जिन्यात दोनदा थांबला. ही पहिली खूण होती: सोबतचे सगळे जेवढं चालतात तेवढं एकालाच जमेनासं होणं.

रात्री नऊच्या सुमारास कोरडा खोकला सुरू झाला. आत्याने हळद-दूध दिलं. तो म्हणाला, “काही नाही बे, थंडीचा खोकला आहे. झोपू दे.” ऑक्सिमीटरवर आमचे सगळ्यांचे आकडे ८५ ते ८९ होते, त्याचा ७६. बोट गरम करून पुन्हा घेतला, ७५. नाडी १०८. साडेअकराला तो उशीला टेकू शकत नव्हता. आडवा झाला की खोकला वाढायचा, म्हणून भिंतीला टेकून बसला होता. पांघरुणावरून त्याची छाती वरखाली होताना दिसत होती, मी मोबाइलवर मिनिट लावून श्वास मोजले, तर बत्तीस. एक वाक्य बोलताना तो मध्ये दोनदा थांबत होता. अंग थोडं गरम होतं. आकडा ६८ वर आला होता.

बसल्या जागी धाप, कोरडा खोकला, आडवं झोपता न येणं, बाकीच्यांपेक्षा कितीतरी कमी आकडा. यांतलं पहिलं एकटं असलं तरी पुरे आहे. हलका ताप हेपमध्येही येतो, त्यामुळे ‘ताप आहे, म्हणजे इन्फेक्शन’ असं समजून सकाळची वाट पाहू नये. ओठ निळे पडणं, छातीत घरघर आणि फेसाळ गुलाबी थुंकी ही पुढची पायरी आहे. तिथपर्यंत थांबायचंच नाही.

हॉटेलवाल्याने गाडी काढली. रुग्णाला आम्ही जिना चालू दिला नाही, खुर्चीवर बसवून खाली नेलं, कारण श्रमाने फुफ्फुसातला दाब आणखी चढतो. वाटेत ऑक्सिजन, अंगावर घोंगडी, बसलेल्या स्थितीत. इस्पितळात एक्स-रे काढला, उजव्या बाजूला पांढरे ढगासारखे डाग होते. मिनिटाला चार लिटर ऑक्सिजन लावला आणि तासाभरात आकडा नव्वदीला आला. सकाळी तो आडवा झोपू शकला. दोन दिवस ऑक्सिजनवर ठेवून, नंतर डॉक्टरांनी प्रवासाला हरकत नाही असं लिहून दिल्यावर त्याला दिल्लीला उतरवलं.

७. खाली उतरणं: लडाखमध्ये ते सरळ नसतं

हेपवरचा मूळ इलाज म्हणजे खाली उतरणं. निदान १,००० मीटर, किंवा त्रास थांबेपर्यंत. पुस्तकात हे एका ओळीचं असतं. लडाखमध्ये मात्र कुठून निघालात यावर सगळं अवलंबून आहे, आणि हा भाग नकाशा समोर ठेवून घरीच ठरवायला हवा.

लेहमध्ये त्रास झाला तर रस्त्याने खाली जायचा हट्ट धरू नका. कारगिलकडे निघालात तर वाटेत फोटुला ही खिंड ४,१०० मीटरच्या वर लागते. लेहमध्ये सोनम नोर्बू मेमोरियल हॉस्पिटल आहे, तिथे ऑक्सिजन आणि उंचीच्या आजारांचा सरावलेला डॉक्टर मिळतो. जिथे ऑक्सिजन भरपूर आहे आणि रुग्णावर लक्ष ठेवता येतं, तिथे काही रुग्ण जागीच बरे होतात. नाहीतर उतरण्याचा खरा मार्ग म्हणजे दिल्लीचं विमान, आणि ते बहुतेक सकाळी असतं. विमानातली हवा साधारण २,००० मीटरच्या आसपासच्या दाबाची ठेवलेली असते, म्हणजे लेहपेक्षा बरी. पण विमान कंपनीला डॉक्टरांचं पत्र लागतं आणि ऑक्सिजनची सोय आधी सांगावी लागते.

नुब्रात त्रास झाला तर तुम्ही लेहपेक्षा खालीच आहात. घाबरून रातोरात लेहकडे निघालात तर रुग्णाला खारदुंगलावर, म्हणजे आणखी सव्वादोन हजार मीटर वर नेताय. आधी दिस्कितचं इस्पितळ गाठा.

पँगाँग सर्वांत अवघड. लेहच्या नेहमीच्या रस्त्यावर चांग-ला ही खिंड आहे, ५,३०० मीटरहून उंच, म्हणजे उतरण्याआधी हजार मीटर चढण. आधी तांगत्से गाठा. ते तळ्यापेक्षा तीनशे-साडेतीनशे मीटर खाली आहे आणि तिथे आरोग्य केंद्र आहे. पुढे चांग-ला ओलांडायचाच असेल तर पूर्ण वाटभर ऑक्सिजन चालू ठेवून, वर फोटोला न थांबता. म्हणूनच चौथ्या पायरीतला सिलिंडर पँगाँगच्या गाडीत हवाच. सिलिंडर नसेल तर तिथे रात्र काढू नका.

हानले त्या मानाने सोपं. ४,३०० मीटरवर आहे आणि लांब आहे, पण न्योमा, चुमाथांग, उपशी अशी सिंधूच्या काठाकाठाने येणारी वाट मोठी खिंड न चढता उतरते.

८. औषधं: कुठलं कशासाठी

ऑक्सिजन आणि उतरणं हे मुख्य. गोळ्या त्यांच्या जोडीला असतात, त्यांच्या जागी नाही.

हेपमध्ये ऑक्सिजन मिळत नसेल किंवा उतरायला वेळ लागणार असेल, तेव्हा हळूहळू विरघळणारं निफेडिपिन ३० मिलिग्रॅम दर बारा तासांनी देतात. जिभेखाली फोडायची कॅप्सूल वापरू नका, रक्तदाब एकदम कोसळतो. निफेडिपिन नसेल तर डॉक्टर टाडालाफिल किंवा सिल्डेनाफिल वापरतात, पण दोन्ही एकत्र नाही, आणि हृदयासाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्याला ती अजिबात नाही.

डेक्सामेथासोन मेंदूच्या सुजेवर: आधी ८ मिलिग्रॅम, मग दर सहा तासांनी ४, आणि उतरणं चालूच. बळावलेल्या एएमएसमध्येही दर सहा तासांनी ४ मिलिग्रॅम देतात. या गोळीने माणसाला झटपट बरं वाटतं आणि तिथेच घोळ होतो. शरीर उंचीशी जुळलेलं नसतं, फक्त त्रास झाकलेला असतो. गोळी घेऊन वर गेलात आणि ती संपली, की त्रास उसळून येतो. डेक्सा घेतली असेल तर त्या दिवशी दिशा एकच, खाली. नुसत्या हेपवर तिचा भरवसा नाही.

लॅसिक्सबद्दल वर लिहिलंच. १९६० च्या दशकात आपल्या लष्करी डॉक्टरांनी हिमालयात गेलेल्या जवानांवर या आजारांचा मोठा अभ्यास केला, त्या काळी लघवी वाढवणारी औषधं वापरली जात. आता हेपसाठी ती देऊ नयेत असं सांगितलं जातं, कारण उंचीवर माणूस आधीच कोरडा पडलेला असतो.

९. परत आल्यावर

हेपचं पाणी एकदा खाली आलं की लवकर ओसरतं, तरी नागपुरात फिजिशियनला दाखवून छातीचा एक्स-रे पुन्हा काढा. फार कमी उंचीवर किंवा फार हळू चढूनही हेप झाला असेल तर टूडी इको करून घ्या. फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांत मुळातच दाब आहे का, किंवा जन्मजात काही दोष आहे का, ते त्यात दिसू शकतं. लेहच्या इस्पितळाचं डिस्चार्ज कार्ड आणि एक्स-रे जपून ठेवा, आणि पुढे कधी केदारनाथ किंवा अमरनाथचा बेत झाला तर तिकिटाआधी तेच डॉक्टरांसमोर ठेवा. आतेभावाने पुढच्या वेळी श्रीनगरमार्गे जायचं ठरवलं आहे, कारगिलला दोन रात्री, निफेडिपिन सोबत.